इकोवरचा आकडा एकच, आजार दोन: पल्मनरी हायपरटेन्शनचे गट आणि उजव्या हृदयाचं कॅथेटरायझेशन

इकोच्या रिपोर्टच्या शेवटी बऱ्याचदा एक ओळ असते: 'सिव्हिअर पीएएच, आरव्हीएसपी ६६'. आरव्हीएसपी म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातला, तो आकुंचन पावतानाचा दाब. वाचणारा हादरतो, इंटरनेटवर शोधतो आणि दुर्मीळ, गंभीर, आयुष्यभर महागडी औषधं लागणाऱ्या एका आजाराच्या पानांवर जाऊन पोचतो. खरं तर इको करणाऱ्याला फक्त एवढंच म्हणायचं असतं की फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढलेला दिसतोय. त्याला म्हणतात 'पीएच', म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन. मधला 'ए' घुसला की अर्थ बदलतो. 'पीएएच' म्हणजे पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, म्हणजेच फुप्फुसांतल्या बारीक धमन्याच आतून जाड आणि अरुंद होत जाण्याचा आजार. पीएच हे लक्षणासारखं आहे आणि पीएएच हे त्याच्या अनेक कारणांपैकी एक. पण रिपोर्ट लिहिताना सवयीने 'पीएएच' टंकलं जातं, आणि तो एक 'ए' पुढे फाइलभर फिरत राहतो.

हा 'ए' तिथे असायला हवा की नाही, हे इकोवर पक्कं ठरत नाही. ते का, हे समजून घेण्यासाठी दोन बायकांची उदाहरणं घेऊ. दोन्ही कल्पित आहेत, पण त्यांच्यासारखे आकडे कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हृदयात नळी घालून तपासणी करतात त्या खोलीत, नेहमी दिसतात.

पहिल्या बाई ६४ वर्षांच्या. पंधरा वर्षांपासून ब्लडप्रेशर, वजन जास्त, मधुमेह. दोन वर्षांपासून हृदयाचे ठोके अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. जिना चढताना दम लागतो, रात्री उशा वाढवून झोपावं लागतं. दुसरी ३६ वर्षांची. बाकी काही आजार नाही. वर्षभरापासून दम लागतोय, सगळे म्हणत होते वजन वाढलंय, रक्त कमी असेल. महिन्यापूर्वी बसच्या मागे धावताना ती चक्कर येऊन पडली. दोघींच्या इकोवर आकडा मात्र एकच आला: ६६.

हा ६६ येतो कुठून? इको दाब मोजत नाही, वेग मोजतो. हृदयाच्या उजव्या बाजूला वरचा आणि खालचा असे दोन कप्पे आहेत, त्यांच्यामध्ये ट्रायकस्पिड झडप असते. ती थोडी गळत असेल, तर खालचा कप्पा आकुंचन पावताना रक्ताची एक चिळकांडी उलटी वरच्या कप्प्यात उडते. आतला दाब जितका जास्त, तितकी ती चिळकांडी जोरात. डॉप्लरने तिचा वेग मिळतो. दोघींचा वेग आला सेकंदाला ३.८ मीटर. वेगाचा वर्ग करून त्याला चाराने गुणलं की दोन कप्प्यांतल्या दाबाचा फरक मिळतो: ४ × ३.८ × ३.८, म्हणजे जवळपास ५८. त्यात वरच्या कप्प्याचा दाब मिळवायचा. तो पोटातल्या मोठ्या शिरेची रुंदी पाहून अंदाजाने धरतात, इथे ८ धरला. झाले ६६ मिलिमीटर पारा.

यात कच्चे दुवे उघड आहेत. चिळकांडी तिरकी असेल आणि डॉप्लरचा किरण तिच्या रेषेत बसला नाही, तर वेग कमी येतो. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे छोटी चूक मोठी होऊन बाहेर पडते. ८ हा आकडा तर अंदाजच. काहींची झडप गळतच नाही. मग आकडाच निघत नाही, आणि दाब मात्र वाढलेला असू शकतो. हे मी इकोला नावं ठेवायला सांगत नाही. संशय घ्यायला इकोइतकं सोयीचं साधन दुसरं नाही, आणि नीट बघणारा माणूस आकड्यापेक्षा उजव्या कप्प्याचा आकार, मधला पडदा डावीकडे ढकलला गेलाय का, डावा वरचा कप्पा फुगलाय का, हे आधी पाहतो. पण आकडा अगदी अचूक आला असता, तरीही मुख्य प्रश्न तसाच राहिला असता. दाब वाढला हे कळलं, कशामुळे वाढला?

एखाद्या ओढ्याचं पाणी चढलंय असं समजा. त्याला दोन कारणं असू शकतात. एक, ओढ्याचं पात्रच गाळाने अरुंद झालंय. दुसरं, पात्र चांगलं मोकळं आहे, पण खाली कुणीतरी बांध घातलाय आणि पाणी मागे तुंबत आलंय. वरच्या काठावर उभं राहून नुसती पाण्याची उंची मोजली, तर दोन्हींतला फरक कळत नाही. बांधाजवळची उंचीही मोजावी लागते.

फुप्फुसांत तेच आहे. उजवं हृदय रक्त फुप्फुसधमनीत ढकलतं, ते बारीक धमन्यांतून, केशवाहिन्यांतून, शिरांतून डाव्या हृदयात पोचतं. बारीक धमन्या अरुंद झाल्या तरी मागचा दाब चढतो. डावं हृदय ताठर झालं आणि रक्त सहजी आत घेईनासं झालं, तरीही चढतो. १९९८ मध्ये एव्हियनला झालेल्या जागतिक परिषदेत कारणांप्रमाणे पाच गट पाडले गेले, आणि किरकोळ फेरफार होत तीच मांडणी आजही चालते.

पहिला गट म्हणजे वर सांगितलेला पीएएच. पात्रच अरुंद. कधी कारण सापडत नाही, कधी जनुकांत असतं, कधी स्क्लेरोडर्मासारखा आजार, यकृताचा जुना विकार, एचआयव्ही किंवा हृदयातलं जन्मजात भोक कारणीभूत असतं. काही औषधांमुळेही होतो. १९६०च्या दशकाच्या शेवटी ॲमिनोरेक्स नावाच्या भूक मारणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत या आजाराची लाटच आली, आणि त्यामुळेच १९७३ मध्ये जिनिव्हाला या विषयावरची पहिली जागतिक बैठक भरली. दुसरा गट डाव्या हृदयाचा, म्हणजे बांध घातल्याने तुंबलेलं पाणी. सगळ्यांत जास्त रुग्ण याच गटात असतात. तिसरा गट फुप्फुसांच्या आजारांचा आणि ऑक्सिजन कमी राहण्याचा: सीओपीडी, फुप्फुसं तंतुमय होणं, झोपेत श्वास अडणं.

चौथ्या गटाशी थोडं थांबायला हवं, कारण तो हातातून निसटला तर मोठं नुकसान होतं. पायातून सुटलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकते. बहुतेकांची ती विरघळते, काहींची विरघळत नाही. जुनी होऊन धमनीच्या भिंतीला दोरखंडासारखी चिकटते. याला सीटेफ म्हणतात. ही चिकटलेली साल ऑपरेशनने सोलून काढता येते आणि काही रुग्णांचा दाब जवळजवळ पूर्ववत होतो. बाकीच्या गटांत अशी साल सोलून काढणं शक्य नाही. त्यामुळे कारण न सापडलेल्या प्रत्येक पीएचमध्ये व्हीक्यू स्कॅन करायचा असतो. या स्कॅनमध्ये हवा पोचते पण रक्त पोचत नाही असे भाग दिसतात. 'सीटी केला होता, गुठळी नव्हती' हे उत्तर दरवेळी पुरत नाही, कारण जुनी चिकटलेली गुठळी ताज्या गुठळीसारखी दिसत नाही आणि सवय नसलेल्या डोळ्यांना सीटीवर सहज चुकते. पाचवा गट म्हणजे उरलेल्यांचं गाठोडं: सार्कॉइडोसिस, रक्ताचे काही आजार, डायलिसिसवरचे रुग्ण, जिथे एकाहून जास्त कारणं एकत्र काम करतात.

आता त्या दोघींकडे परत येऊ. अंदाज तर आत्ताच बांधता येतो: मोठ्या बाई दुसऱ्या गटात, धाकटी पहिल्या किंवा चौथ्या. मग अंदाजावर औषध का सुरू करू नये? कारण पहिल्या गटाची औषधं दुसऱ्या गटात नुसती वाया जात नाहीत, उलटतात. बोसेन्टान, मॅसिटेन्टान, सिल्डेनाफिल, टाडालाफिल, इपोप्रोस्टेनॉल ही सगळी वेगवेगळ्या मार्गांनी फुप्फुसांतल्या धमन्या सैल करतात. बांध तसाच ठेवून वरचं पात्र रुंद केलं, तर पाणी आणखी जोरात येऊन बांधापाशी साठतं. फुप्फुसांत पाणी भरतं. डावं हृदय निकामी असलेल्यांवर इपोप्रोस्टेनॉलची चाचणी झाली तेव्हा औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होण्याकडे कल दिसला आणि ती मुदतीआधी थांबवावी लागली. उलट बाजूने, धाकटीला 'थोडा दाब आहे, लघवी वाढवणारी पाण्याची गोळी घ्या' म्हणून घरी पाठवलं, तर तिचा आजार पुढे सरकत राहतो आणि दिवस निघून जातात.

म्हणून बांधाजवळची उंची मोजायची. पण बांध डाव्या हृदयात, आणि आपण उजवीकडून आलेलो. इथे एक फार हुशार युक्ती आहे.

कॅथेटर म्हणजे एक लांब, मऊ नळी. ती मानेतल्या, कोपराच्या किंवा मांडीतल्या शिरेतून आत घालतात. टोकाला इवलासा फुगा असतो. तो फुगवला की रक्ताचा प्रवाहच नळीला पुढे नेतो: उजवा वरचा कप्पा, खालचा कप्पा, मग फुप्फुसधमनी. शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत नेण्याचं धाडस वेर्नर फोर्समन या जर्मन डॉक्टरने १९२९ मध्ये स्वतःच्याच हातावर केलं आणि तशा अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. १९५६ मध्ये त्याला कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासोबत नोबेल मिळालं. फुग्याची नळी स्वान आणि गँझ यांनी १९७० मध्ये आणली, म्हणून आजही तिला स्वान-गँझच म्हणतात.

नळी फुप्फुसधमनीच्या एका फांदीत पुढे जात जात अडकते. फुगा त्या फांदीत पाचरीसारखा घट्ट बसतो. त्या फांदीतला प्रवाह थांबतो. फुग्याच्या पुढे आता रक्ताचा एक स्थिर स्तंभ उरतो, जो केशवाहिन्यांतून, शिरांतून सरळ डाव्या वरच्या कप्प्यापर्यंत पोचलेला असतो. वाहणाऱ्या द्रवात जागोजागी दाब वेगळा असतो, पण न वाहणाऱ्या स्तंभात दोन्ही टोकांना सारखाच. म्हणजे फुग्याच्या पुढच्या तोंडाशी जो दाब मिळतो, तो डाव्या हृदयाच्या दाराशी असलेला दाब. इंग्रजीत पाचरीला 'वेज' म्हणतात, म्हणून हे वेज प्रेशर. डाव्या बाजूला पाऊल न ठेवता डाव्या बाजूची खबर! हा एक आकडा इकोला देता येत नाही. इकोवर डाव्या हृदयाच्या दाबाचे संकेत मिळतात, पण गट ठरवताना लागणारी बारीक सीमा त्यांनी आखता येत नाही.

मोठ्या बाईंच्या कॅथचे आकडे असे आले. फुप्फुसधमनीत ५७ वर २७, सरासरी ३७. वेज २६. हृदयातून मिनिटाला ५.८ लिटर रक्त बाहेर पडत होतं. धाकटीचे: ७२ वर ३२, सरासरी ४५. वेज ८. रक्त मिनिटाला ३.६ लिटर.

आता गणित. फुप्फुसांतल्या वाहिन्यांचा अडथळा काढायचा असेल, तर आधीचा दाब वजा नंतरचा दाब, भागिले प्रवाह. मोठ्या बाई: ३७ वजा २६ म्हणजे ११, भागिले ५.८, उत्तर १.९. धाकटी: ४५ वजा ८ म्हणजे ३७, भागिले ३.६, उत्तर १०.३. या एककाला वुड युनिट म्हणतात. २ पर्यंतचा अडथळा साधारण मानतात. इकोवर दोघी ६६. आत पाहिलं तर एकीच्या फुप्फुसांतल्या वाहिन्या जवळजवळ निरोगी, दुसरीच्या पाचपटीहून जास्त अडलेल्या. इकोचा ६६ सुद्धा एकीत ५७ निघाला, दुसरीत ७२, हे जाता जाता.

नियम असा: विश्रांतीत सरासरी दाब २० च्या वर असेल तर पीएच. १९७३ पासून ही रेघ २५ वर होती. निरोगी लोकांचा सरासरी दाब १४ च्या आसपास असतो आणि २० च्या वर क्वचितच जातो, हे पाहून २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या जागतिक परिषदेने ती खाली आणली. मग वेज १५ किंवा कमी आणि अडथळा २ च्या वर असेल, तर दोष पात्रात. वेज १५ च्या वर असेल, तर बांध आहे; आणि वेजही जास्त, अडथळाही जास्त असेल, तर दोन्ही आहे, जे वर्षानुवर्षं तुंबत राहिलेल्या रुग्णांत होतं.

'पण माझी अँजिओग्राफी झाली, ती नॉर्मल आली, पुन्हा हे कशाला?' हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. अँजिओग्राफीची नळी धमनीतून जाते आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत रंग सोडून त्यांचं चित्र काढते. ही नळी शिरेतून जाते आणि चित्र नाही, दाब मोजते. खोली तीच, टेबल तेच, काम अगदी वेगळं. जागा बधिर करतात, रुग्ण जागाच असतो. नळी खालच्या कप्प्यातून जाताना छातीत क्षणभर फडफडल्यासारखं होतं, कारण तिचा स्पर्श होऊन काही ठोके जादा पडतात. धोका आहे, पण थोडा: अनुभवी केंद्रांमधल्या पीएचच्या रुग्णांवरच्या ७,२१८ तपासण्यांचा आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गंभीर गुंतागुंत १.१ टक्के आणि मृत्यू ०.०५५ टक्के होते. 'अनुभवी केंद्र' हे शब्द सोडून हा आकडा वाचू नये.

कारण कॅथही खोटं बोलू शकतं. त्याला अंतिम कसोटी म्हणतात खरं, पण ती कसोटी माणसाच्या हातात असते.

सगळ्यांत साधी चूक उंचीची. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर छातीच्या मध्यपातळीला लावून शून्यावर आणावा लागतो. तो ५ सेंटिमीटर खाली राहिला, तर प्रत्येक आकडा जवळपास ४ ने वाढून येतो. वेज १३ चा १७ होतो आणि रुग्ण पहिल्या गटातून उचलून दुसऱ्यात टाकला जातो, एका स्टँडच्या स्क्रूमुळे. श्वासाचाही हिशोब असतो: छातीतला दाब श्वासागणिक खालीवर होतो, म्हणून आकडा साधा श्वास सोडून संपतो त्या क्षणी वाचतात. यंत्र पडद्यावर आपोआप जी सरासरी दाखवतं ती तशीच उतरवून घेतली, तर जाड रुग्णात किंवा सीओपीडीत चांगलाच घोळ होतो.

दुसरी चूक धाकटीच्या बाबतीत जवळजवळ झालीच होती असं समजा. पहिल्यांदा फुगा फुगवला तेव्हा पडद्यावर वेज २२ दिसला. तो मानला असता, तर हिशोब झाला असता ४५ वजा २२ भागिले ३.६, म्हणजे ६.४, आणि निदान 'डाव्या हृदयाचा आजार, शिवाय वाहिन्यांचाही'. योग्य औषधं तिला नाकारली गेली असती. पण करणाऱ्याला ते पटलं नाही. इकोवर तिचा डावा वरचा कप्पा लहान होता. २२ चा दाब सोसणारा कप्पा फुगलेला असायला हवा. शिवाय पडद्यावरची लाट वेजसारखी दिसत नव्हती, धमनीच्या लाटेचीच दबलेली नक्कल वाटत होती. त्याने नळीच्या टोकातून थोडं रक्त ओढलं आणि ऑक्सिजन तपासला: ६४ टक्के. फुगा नीट बसला असता, तर पलीकडून येणारं रक्त ऑक्सिजन घेऊन आलेलं, म्हणजे नव्वदीच्या वरचं असायला हवं होतं. ६४ टक्के म्हणजे हे फुप्फुसधमनीचंच रक्त. फुग्याच्या कडेने झिरपून येतंय. पाचर सैल होती. फुगा सोडला, नळी हलवून दुसऱ्या फांदीत नेली, पुन्हा फुगवला, वेज आला ८ आणि रक्त ९६ टक्के. आजारी, वाकड्यातिकड्या धमन्यांत अशी अर्धवट पाचर बसणं वरचेवर होतं, म्हणजे ज्यांना अचूक वेजची सर्वाधिक गरज, त्यांच्यातच ती चुकण्याची शक्यता जास्त.

मोठ्या बाईंच्या बाबतीत उलटी फसवणूक होऊ शकते. कॅथच्या आधी आठवडाभर दवाखान्यात ठेवून त्यांना लघवी होण्याची औषधं भरपूर दिली, अंगातलं पाणी उतरलं, आणि मग कॅथ केलं असं धरा. सरासरी दाब २७, वेज १४, प्रवाह ५.२. अडथळा २.५. कागदावर हा पहिल्या गटाचा रुग्ण! पण वय, ब्लडप्रेशर, अनियमित ठोके, फुगलेला डावा कप्पा हे सगळं ओरडून सांगतंय की बांध आहे, फक्त आज पाणी कमी आहे. अशा वेळी टेबलावरच पाच ते दहा मिनिटांत अर्धा लिटर सलाइन सोडतात. निरोगी डावं हृदय ते पचवतं, वेज थोडाच वाढतो. ताठर हृदयात तो उसळतो. १८ किंवा त्याहून वर गेला, तर डाव्या हृदयाचा दोष दडलेला होता असं मानतात. या बाईंचा २३ झाला. म्हणून कॅथचा रिपोर्ट वाचताना त्या दिवशी रुग्ण किती पाण्याच्या गोळ्यांवर होता हे विचारणं भाग आहे, आणि रिपोर्टात ते क्वचितच लिहिलेलं असतं.

एक गोष्ट मात्र कॅथ सांगत नाही. वेज कमी आणि अडथळा जास्त, हे पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या, तिन्ही गटांत दिसतं. पात्र अरुंद आहे एवढं कळतं. ते आतून जाड झालंय, फुप्फुसच झडल्याने हरवलंय, की जुन्या गुठळीने बुजलंय, हे व्हीक्यू स्कॅन, सीटी आणि श्वासाच्या तपासण्यांवरून ठरतं. धाकटीचा व्हीक्यू स्वच्छ होता, फुप्फुसं ठीक होती, स्क्लेरोडर्माच्या रक्ततपासण्या निगेटिव्ह. तेव्हा कुठे 'कारण न सापडलेला पीएएच' हे नाव तिला लागलं. आणि प्रत्येक पीएचला कॅथ करावंच असंही नाही. झडप स्पष्ट खराब आहे किंवा सीओपीडी जुना आहे, दाब थोडाच वाढलाय आणि कॅथमुळे उपचारात काही फरक पडणार नाही, तर नळी घालण्यात अर्थ नाही. पीएएचची औषधं सुरू करायची असतील, तर मात्र त्याआधी कॅथ झालंच पाहिजे.

धाकटीसाठी टेबलावर आणखी एक काम उरलं होतं. कारण न सापडलेल्या, आनुवंशिक किंवा औषधाने झालेल्या पीएएचमध्ये नायट्रिक ऑक्साइड वायू थोडा वेळ हुंगायला देऊन पुन्हा दाब मोजतात. सरासरी दाब किमान १० ने उतरून ४० किंवा त्याखाली आला आणि प्रवाह कमी झाला नाही, तर त्या रुग्णाला निफेडिपिन किंवा डिल्टियाझेमसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्यांचे मोठे डोस लागू पडू शकतात. असे रुग्ण थोडेच, पण त्यांचं भाग्य मोठं. चाचणी न करता त्या गोळ्या अंदाजाने देणं धोक्याचं. लागू न पडणाऱ्यांचा रक्तदाब कोसळतो. धाकटीचा ४५ चा ४१ झाला. चाचणी नकारात्मक. तिला दोन वेगळ्या मार्गांची औषधं एकत्र सुरू झाली. मोठ्या बाईंना नवीन 'फुप्फुसाची' गोळी मिळालीच नाही, यावर घरचे नाराज झाले. त्यांची पाण्याची औषधं, ब्लडप्रेशर आणि ठोके नीट बसवणं, मधुमेहात आणि हृदयासाठी वापरतात त्या ग्लिफ्लोझिन गटातली एक गोळी आणि झोपेतल्या श्वासाची तपासणी, हाच त्यांच्या पीएचचा उपचार होता.

वर्षभराने धाकटीचा इको झाला. आकडा ६६ वरून ५२. घरात आनंद. पण दाब दोन कारणांनी उतरतो: अडथळा कमी झाला म्हणून, किंवा उजवं हृदय थकून जोर लावेनासं झालं म्हणून. इकोवर दोन्हींचा आकडा ५२ येऊ शकतो. तिचं पुन्हा कॅथ केलं. सरासरी दाब ३८, वेज ८. फरक ३०. आता सगळं प्रवाहावर अवलंबून. तो २.८ निघाला असता, तर अडथळा १०.७, म्हणजे आजार जागचा हललेला नाही आणि हृदय मात्र हरत चाललंय. औषधं लगेच वाढवायची वेळ. तिचा प्रवाह निघाला ४.९. अडथळा ६.१.